एका मथळ्यातले तीन सांधे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात पहिल्या पानावर मथळा होता : ‘पुनर्परीक्षेचा निर्णय विद्यार्थी हिता साठीच’. मी आयुष्यभर मुद्रितशोधन केले. त्यामुळे बातमी वाचायच्या आधीच हात पेन्सिलीकडे गेला. एवढ्याशा मजकुरात तीन सांधे चुकले आहेत आणि तिन्हींची जात वेगळी आहे.

सर्वांत सोपा शेवटचा. ‘हिता साठी’ हे दोन शब्द होऊच शकत नाहीत, कारण ‘हिता’ हे सामान्यरूप आहे. सामान्यरूपाला एकटे उभे राहता येत नाही, त्याला पुढे प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय चिकटलेलेच लागते. जागा सोडायची की नाही, असा संभ्रम पडला की डावीकडचा तुकडा एकटा वाचून पाहावा. ‘घरा’, ‘शाळे’, ‘हिता’ असे काही लंगडे हाती आले तर जोडा. ‘घर समोर आहे’ यात ‘घर’ धडधाकट आहे, म्हणून ‘समोर’ सुटे. ही परीक्षा सर्वनामांपाशी मात्र तोकडी पडते. ‘त्याच्या’ हे एकटेही चालते, म्हणून तिथे अर्थ पाहावा लागतो : ‘त्याच्यासमोरचे घर’ म्हणजे तो उभा आहे त्याच्या पुढचे, आणि ‘त्याच्या समोरचे घर’ म्हणजे त्याच्या मालकीचे, समोर दिसणारे.

हे दुरुस्त करायला संगणकावर ‘साठी’च्या आधीची जागा सरसकट काढून टाकावी, असे कोणालाही वाटेल. मीही एकदा तसे केले. एका गौरवलेखात ‘वयाची साठी’चे ‘वयाचीसाठी’ झाले आणि ते तसेच छापून आले. सत्कारमूर्तींनी हसून सोडून दिले, मला मात्र अजून आठवते. ‘मध्ये’ आणि ‘बरोबर’ यांचेही तेच आहे : ‘मध्ये बोलू नका’, ‘बरोबर उत्तर’. शोध जरूर घ्यावा, बदल मात्र एकेक पाहूनच करावा.

दुसरा सांधा ‘विद्यार्थी हिता’चा. इथे नुसती जागा मिटवली तर ‘विद्यार्थीहित’ होते आणि तेही चूक. मूळ संस्कृत शब्द ‘विद्यार्थिन्’. मराठीत तो एकटा येतो तेव्हा शेवट दीर्घ, पण समासात पहिला आला की ऱ्हस्व : विद्यार्थिहित. आपण ‘मंत्रिमंडळ’ बरोबर लिहितो ते याच नियमाने, आणि ‘पक्षिमित्र’, ‘प्राणिसंग्रहालय’ हेही त्यातलेच. ‘नदी’, ‘लक्ष्मी’ हे शब्द मुळातच दीर्घ, म्हणून ‘नदीकाठ’ आणि ‘लक्ष्मीपुत्र’ दीर्घच राहतात. मराठी साहित्य महामंडळाच्या १८ लेखननियमांत हे आलेले आहे. खरी अडचण अशी की ‘विद्यार्थी’ हा शब्द शुद्ध आणि ‘हित’ हाही शुद्ध, त्यामुळे सुटे लिहिले की शुद्धलेखन तपासणीत कुठेच लाल रेघ उमटत नाही. जागा सोडली की ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्नच टळतो, आणि मला दाट शंका आहे की अलीकडे समास सुटे पडतात ते बरेचसे यामुळेच.

आता ‘पुनर्परीक्षा’. ‘पुनर्जन्म’, ‘पुनर्विवाह’, ‘पुनर्मूल्यांकन’ ऐकून ऐकून ‘पुनर्’ हा एक तयार ठोकळा आहे, असा समज झाला आहे. पण तो रफार पुढच्या अक्षरावर अवलंबून असतो. पुढे ज, भ, म, व यांसारखे मृदू व्यंजन असेल तर र् टिकतो, स्वर असेल तर त्यात मिसळतो (पुनरागमन). पुढे क, प किंवा स आला की त्या जागी विसर्ग येतो : पुनःप्रक्षेपण, पुनःस्थापना, पुनःपरीक्षा. ‘अंतर्गत’ पण ‘अंतःकरण’, हीच जोडी डोळ्यांसमोर ठेवली तरी पुरे. आणि पुढचा शब्द अस्सल मराठी असेल तर संस्कृत संधीच्या वाटेला जाऊच नये. ‘पुनर्तपासणी’ची शुद्धी-अशुद्धी ठरवत बसण्यापेक्षा ‘फेरतपासणी’ लिहावे. परीक्षेलाही ‘फेर’ छान लागतो.

म्हणजे मथळा ‘पुनःपरीक्षेचा निर्णय विद्यार्थिहितासाठीच’ असा हवा होता. हे फार संस्कृत वाटत असेल तर ‘फेरपरीक्षेचा निर्णय विद्यार्थ्यांच्या हितासाठीच’. दुसरा थोडा लांब आहे, पण त्यात अडखळायला जागा नाही. मी असतो तर तोच घेतला असता. मथळा दोन ओळींत मोडावा लागला तरी ‘हिता’ वर आणि ‘साठीच’ खाली, अशी फोड मात्र होऊ देऊ नये.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक