वह्या नकोत म्हणणाऱ्या सरकारलाच विचारतो : मग वह्या का मागता?

मा. केंद्रीय अर्थमंत्री महोदया,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी बार्शीतला कृषी सेवा केंद्रवाला. खत, बियाणं, औषधं विकतो. आपल्याला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. आपला वेळ मोलाचा आहे याची जाणीव आहे, म्हणून थोडक्यात लिहीन असं ठरवून बसलोय. जमेल असं वाटत नाही.

यंदा धनत्रयोदशीला, १८ ऑक्टोबर २०२५ ला, सकाळी मोबाइलवर मेसेज आला. मला वाटलं बँकेच्या शुभेच्छा असतील. निघाली आयकराची नोटीस, कलम १४२(१). सन २०२३-२४ च्या व्यवहाराची कीर्द, खतावणी, स्टॉक रजिस्टर सात दिवसांत अपलोड करा. पुढे इंग्रजीत एक वाक्य, त्याचा अर्थ असा : गेल्या वर्षी तुमच्या वह्या ऑडिट झालेल्या होत्या, मग या वर्षी त्या का ठेवल्या नाहीत याचा खुलासा करा, नाहीतर कलम २७१ए खाली दंड का लावू नये ते सांगा. दंड २५,००० रुपये.

तीन दिवसांनी लक्ष्मीपूजन. आमच्याकडे त्या रात्री वहीची पूजा होते. लाल वही पाटावर ठेवली, पहिल्या पानावर 'श्री' काढला, आणि बायको म्हणाली, "हीच अपलोड करा." घरात हसू आलं. मला मात्र रात्रभर झोप नाही.

आता खुलासा. तुमच्या अधिकाऱ्याला दिलाच आहे, इथे जरा मोकळेपणाने देतो. वह्या ठेवल्या नाहीत, कारण ठेवायची गरज नाही असं सरकारनेच सांगितलं होतं. कलम ४४एडी. वर्षाची उलाढाल दोन कोटींच्या आत असेल तर दुकानदाराने नफ्याचा हिशेब मांडत बसू नये. उलाढालीवर सरसकट ८ टक्के नफा धरावा. त्यातली जी रक्कम चेकने, ऑनलाइन, यूपीआयने रिटर्नच्या मुदतीपर्यंत आली तिच्यावर ६ टक्के. कर भरावा, मोकळं व्हावं. तुमच्या खात्याच्या वेबसाइटवर साफ लिहिलंय की या योजनेत येणाऱ्याला नेहमीच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. मी ते वाचलं आणि विश्वास ठेवला. एवढाच गुन्हा.

त्या सालीच का बदललं, हे अधिकाऱ्याला कळत नाही. सांगतो. आमचे दिवाणजी सव्वीस वर्षं माझी कीर्द लिहीत होते. २०२३ च्या पाडव्याला म्हणाले, "शेठ, आता आकडे दोन-दोन दिसतात." मोतीबिंदू. नव्या माणसाला महिना नऊ हजार द्यायचे, वर ऑडिटची फी तीस हजार. वर्षाला सव्वा लाखाच्या वर नुसतं लिहिण्यावर. त्यात बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मुलगा पुण्यात, तो दुकानात यायचं नाव काढत नाही. आणि पाऊस तर त्या साली दगाच देऊन गेला. राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमची बार्शी. सोयाबीन करपलं की शेतकऱ्याआधी माझी उधारी करपते, हे दिल्लीत कुणाला ठाऊक असायचं कारण नाही.

आता आकडे बघा. त्या वर्षीची विक्री १ कोटी ४२ लाख. त्यातले ९६ लाख ३१ जुलै २०२४ पर्यंत बँकेतून किंवा फोनवरून आले, त्यावर ६ टक्के म्हणजे ५ लाख ७६ हजार. राहिलेले ४६ लाख, त्यावर ८ टक्के म्हणजे ३ लाख ६८ हजार. एकूण नफा ९ लाख ४४ हजार धरला आणि नव्या पद्धतीने ५३,६६४ रुपये कर भरला. त्या ४६ लाखांतले ११ लाख अजून उधार आहेत, म्हणजे हातात आलेच नाहीत. त्यांच्यावरही ८ टक्के नफा झाला असं कायद्याने मानलं आणि मीही मान तुकवली. बुडीत उधारी वेगळी वजा मिळत नाही, ते त्या ८ टक्क्यांतच आलं म्हणतात.

त्याच्या आदल्या वर्षी, ऑडिट झालेल्या वह्यांप्रमाणे, १ कोटी ३१ लाखांच्या विक्रीवर माझा नफा होता ६ लाख २० हजार. पावणेपाच टक्के. म्हणजे दुष्काळाच्या साली मी दीडपट नफा दाखवला. वह्या ठेवल्या असत्या आणि खरा नफा सात लाखांच्या आत निघाला असता, तर सवलतीत कर शून्य झाला असता. कर चुकवणारा माणूस असा उलटा चालतो का हो? युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, भाव तुम्हीच बांधून दिलेला. ८ टक्क्यांनी तिच्यावर मी साधारण वीस रुपये कमावतो. भाडं, हमाली जाऊन प्रत्यक्षात आठ-दहा सुटले तर त्या दिवशी चहा पाजतो. ते ८ टक्के ज्याने ठरवले त्याने एक हंगाम माझ्या गल्ल्यावर बसून बघावं.

नोटिशीतला दुसरा मुद्दा, रोखीचा. वर्षभरात बँकेत ३१ लाख रोख भरले, त्याचा स्रोत काय? अहो, दुकान! रोखीची विक्री ३५ लाख, त्यातून ३१ लाख भरले. खरिपात जून-जुलैला जास्त, उसाचं बिल निघालं की पुन्हा जास्त, मधे कोरडं. महिन्यावार तक्ता करून दिला : जीएसटी रिटर्नमधली विक्री, बँकेत आलेलं, यूपीआय, भरलेली रोख. चारही रकाने एकमेकांशी जुळतात. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०१० सालीच सुरिंदरपाल आनंद प्रकरणात सांगितलंय की ४४एडी खाली नफा धरलेल्या माणसाला बँकेतल्या एकेका भरण्याचा हिशेब विचारता येत नाही, तो भरणा धंद्याच्या पैशाबाहेरचा आहे असं दिसत नाही तोवर. हा निकाल माझ्या भाच्याने शोधला. तुमच्या अधिकाऱ्याला का सापडला नाही?

खोटं बोलणार नाही, एक गोष्ट त्यांची बरोबर. मेहुण्याकडून त्या वर्षी ४ लाख घेतले. ती विक्री नव्हे, त्यामुळे ४४एडीची छत्री तिथे चालत नाही. ते कुठून आले हे विचारायचा हक्क खात्याला आहे. चेकने घेतले होते, त्याचं बँक स्टेटमेंट आणि पत्र जोडलं. रोख घेतले असते तर वीस हजारांच्या मर्यादेवरून वेगळीच आफत आली असती. जे बाहेरून आलं ते विचारा, जरूर विचारा. दुकानातून आलं त्याची कीर्द मागू नका.

सीए मला म्हणाले, "काका, उत्तरात 'वह्याच नाहीत' असं लिहू नका. 'कलम ४४एडी निवडल्याने वह्या ठेवणे आवश्यक नव्हते, खरेदीची बिले, विक्रीची बिले आणि बँक स्टेटमेंट उपलब्ध आहेत' असं लिहा. आणि खाली कलम २७३बी जोडा, वाजवी कारण असेल तर दंड नाही." दोन्ही वाक्यांत खरं तेच आहे, पण पहिलं लिहिलं तर दंड आणि दुसरं लिहिलं तर बचाव. सात दिवसांत, दिवाळीत, चष्मा पुसत, मी हा फरक शिकलो.

आणि गंमत पुढेच. ज्या आयटीआर-४ मध्ये वह्या नकोत, त्याच फॉर्मात ३१ मार्चची शिल्लक रोख, माल, येणं, देणं हे आकडे भरल्याशिवाय फॉर्म पुढेच सरकत नाही. वही नाही आणि वहीचा शेवटचा आकडा मात्र हवा! मी मार्चअखेर रात्री बॅटरी घेऊन गोदामात गोण्या मोजल्या आणि १६ लाख माल लिहिला. आता विचारतात, गोल आकडा कसा? आदल्या वर्षीचा १८ लाख ६० हजारांचा माल गेला कुठे? विकला, बाईसाहेब, शेतकऱ्याला. युरियाची गोणीन् गोणी तुमच्याच पॉस मशीनवर आधारचा अंगठा घेऊन विकली जाते. तो साठा रोज रात्री सरकारला दिसतो, मला नसेल एवढा नीट. जीएसटीवाले म्हणतात साठ्याच्या नोंदी ठेवा, ७२ महिने सांभाळा. बँक कॅश क्रेडिट वाढवायला ताळेबंद मागते. आयकर म्हणतो वह्या नकोत, आणि मग मागतो. घरात चार सुना आणि सासू एकच, तीही दर तासाला वेगळं सांगणारी!

म्हणावं, जाऊ दे, परत वह्या सुरू करू. तर तेही सोपं नाही. एकदा ४४एडीत शिरलं आणि पुढच्या पाच वर्षांत बाहेर पडून कमी नफा दाखवला, की त्यानंतर पाच वर्षं परत यायची बंदी, आणि उत्पन्न करपात्र असेल तर वह्या आणि ऑडिट सक्तीचं. आत येताना दार उघडं आणि बाहेर पडताना कुलूप, अशी योजना मी एकच पाहिली होती, उंदराच्या पिंजऱ्याची. आणि हिशेब केला तर २५,००० चा दंड हा नव्या दिवाणजीच्या तीन महिन्यांच्या पगारापेक्षा कमी पडतो. म्हणजे वही ठेवण्यापेक्षा न ठेवून दंड भरणं स्वस्त. हे लिहू नये, पण लिहितो.

२० सप्टेंबर २०१९ ला कंपन्यांचा मूळ कर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आला, एका सकाळच्या पत्रकार परिषदेत. त्यांना कुणी विचारलं नाही की गेल्या वर्षी जास्त भरत होता, यंदा कमी का. मी जास्त भरला तर मला विचारतात. आमच्या पेठेत शंभरातले ऐंशी दुकानदार याच कलमात असतील, मी मोजायला गेलो नाही, पण सगळ्यांच्या तोंडी एकच : रिटर्न भरतो त्यालाच नोटीस येते, न भरणारा निवांत झोपतो.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा येतोय. ८१९ कलमांची ५३६ झाली, ४४एडी आता कलम ५८ मध्ये जाणार, असं ऐकतो. कलमाचा पत्ता बदलेल. नोटीस लिहिणाऱ्याचा संगणक तोच असेल.

मागणं काही मोठं नाही. दंडाचा विचार सोडा. फॉर्ममधले शिलकीचे रकाने काढा, नाहीतर वह्या लागतात असं सरळ जाहीर करा. आणि दिवाळीच्या दिवसांत सात दिवसांची मुदत देणाऱ्याला कॅलेंडर द्या, लागलं तर दुकानातलं पाठवतो, त्यावर माझ्या केंद्राची जाहिरात आहे.

उत्तर २४ तारखेला अपलोड केलं. पोर्टलवर हिरवी खूण आली, त्यानंतर काही नाही. दिवाणजींकडे जाऊन आलो. पुढच्या महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन आहे. पट्टी निघाली की येतो म्हणालेत, पण दोनच तास, आणि आकडे मोठ्या अक्षरात लिहिणार.

आपला,
एक कृषी सेवा केंद्रवाला
बार्शी, जि. सोलापूर