अकरा दिवसांनी आलेली कायमची बंदी आणि मधल्या काळात घेतलेले ७९९ रुपये

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: खाते बंद करण्यापूर्वी घेतलेली रक्कम परत मिळणे व बंदीचा फेरविचार

महोदय,

पंचवटी, नाशिक येथे माझे मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. तुमचा गेम मी तीन वर्षे खेळतो आहे. दिवाळीत सिन्नरहून भाचा आला होता. "मामा, सगळ्या स्किन फुकट!" म्हणत त्याने टेलिग्रामवरची गेमची फेरफार केलेली, म्हणजे मोड, फाईल माझ्या फोनवर टाकली. त्यासाठी त्याला आधी मूळ गेम काढावा लागला, कारण वेगळी डिजिटल सही असलेले ॲप जुन्यावर बसवायला अँड्रॉइड नकार देतो. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आल्यावर मी ती फाईल उडवली आणि प्ले स्टोअरवरून मूळ गेम घेतला. चौथ्या दिवशी ७९९ रुपयांचा पॅक घेतला. अकराव्या दिवशी खाते कायमचे बंद.

चूक आमची आहे, हे आधीच सांगतो. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मी दोन्ही फाईली तपासल्या:

```
apksigner verify --print-certs game.apk
```

दोन्हींचे SHA-256 आकडे वेगळे निघाले. वेगळे निघणारच. फाईल उघडून आत काही बदलले की तुमची सही मोडते, आणि तुमची चावी हाती नसल्याने मोडवाल्याला स्वतःची सही ठोकावी लागते. फोनमधली तपासणी तो गप्प करू शकतो. पण ॲप मूळ आहे का हे तपासणाऱ्या प्ले इंटिग्रिटीचे उत्तर गूगल तयार करते आणि ते वाचले जाते गेमच्या सर्व्हरवर. तिथे अशा फाईलपुढे `UNRECOGNIZED_VERSION` असे येते. स्किन बदलली की नेम आपोआप लावणारा कोड घातला, हे या शिक्क्यावरून कळत नाही. दोघेही एकाच रांगेत.

बंदीच्या दिवशी फोनवर मूळ गेमच होता. म्हणजे पकडले गेले ते त्या एका रात्रीच्या नोंदीवरून. बंदी उशिरा का घालतात, तेही समजते. लगेच घातली तर कोणत्या तपासणीत सापडलो हे मोडवाल्याला कळेल आणि तो नवी फाईल काढेल. पण खाते संशयित यादीत ठेवून त्याच खात्याला पॅक विकायचा, हे कुठल्या व्यवहारात बसते? माझ्या दुकानात मदरबोर्ड गेलेला फोन आला, तर मी आधी त्याच्यावर टेम्पर्ड ग्लास लावून पैसे घेत नाही.

माझ्या अपिलाला चार तासांत "निर्णय अंतिम आहे" एवढेच छापील उत्तर आले. नेमकी तपासणी उघड करा, असे मी म्हणत नाही. फक्त नोंद कोणत्या तारखेची आहे ते कळवा, त्यानंतर घेतलेले ७९९ रुपये परत करा आणि एका रात्रीच्या नोंदीसाठी मुदतीची बंदी पुरेशी आहे का, हे एखाद्या माणसाकडून तपासून घ्या.

पावती, खाते क्रमांक आणि दोन्ही सह्यांचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

आपला,
एक ग्राहक, पंचवटी, नाशिक