गच्चीवरील सौर प्रकल्पाच्या निवडीबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती

विषय : दोन सौर प्रस्तावांची तुलना केवळ आयआरआरवर न करण्याबाबत

महोदय,

गच्ची एकच असल्याने दोनपैकी एकच प्रस्ताव स्वीकारता येईल. लहान संचाला 6 लाख रुपये लागून वर्षाला दीड लाखाची वीजबचत होईल, तर मोठ्याला 15 लाख लागून 3 लाखांची. दोन्हींचे आयुष्य 15 वर्षे धरले आहे. लहानाचा आयआरआर, म्हणजे अंतर्गत परतावा दर, सुमारे 24 टक्के आणि मोठ्याचा सुमारे 18.4 टक्के येतो, म्हणून समितीचा कल लहानाकडे आहे. मला तो निर्णय चुकीचा वाटतो.

आपला निधी मुदत ठेवीत 7 टक्क्यांनी आहे. त्याच दराने पुढील सर्व बचत आजच्या किमतीत आणून खर्च वजा केला, तर निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही, लहानाचे 7.66 लाख आणि मोठ्याचे 12.32 लाख येते. टक्केवारीत रकमेचा आकार दिसत नाही, म्हणून हा विरोध दिसतो. खरा प्रश्न वरच्या 9 लाखांचा आहे. ते मोठ्या संचात घातल्यास वर्षाला आणखी दीड लाख वाचतात, म्हणजे त्या वाढीव रकमेवर साधारण 14.5 टक्के परतावा मिळतो. ठेवीत ठेवल्यास 7 टक्केच.

24 टक्क्यांच्या आकड्यावरून क्रम लावताना, दरवर्षी वाचणारा पैसाही 24 टक्क्यांनी वाढेल असे नकळत गृहीत धरले जाते. तशी ठेव आपल्याला कुठेही मिळणार नाही. वाचलेला पैसा 7 टक्क्यांनीच गुंतवला, असे धरले तर हे दर अनुक्रमे सुमारे 13 आणि 11.4 टक्क्यांवर येतात. लहान संच तरीही वरच राहतो, कारण आकारातला फरक या दुरुस्तीने जात नाही. लहान संच घेऊन उरलेले 9 लाख ठेवीत ठेवले, तर 15 वर्षांनी हाती सुमारे 62.5 लाख असतील. मोठ्यातून सुमारे 75.4 लाख.

जाहिरात फलकाच्या प्रस्तावाकडेही लक्ष वेधतो. त्यात आज मजबुतीकरणाला 10 लाख, वर्षाअखेर 23 लाख भाडे आणि दुसऱ्या वर्षाअखेर सांगाडा काढून वॉटरप्रूफिंगला 13.2 लाख असा हिशेब आहे. पैशाची दिशा दोनदा बदलत असल्याने त्याला 10 आणि 20 टक्के असे दोन आयआरआर निघतात, आणि दोन्ही 7 टक्क्यांहून जास्त असूनही 7 टक्क्यांनी एनपीव्ही सुमारे 3,400 रुपयांनी उणे येते. सादरीकरणात 20 टक्केच दाखवले होते.

मोठ्या संचाची बाजूही तपासावी. त्याची वाढीव बचत वर्षाला सुमारे 99 हजारांखाली गेली, तर लहान संच सरस ठरतो. इन्व्हर्टर बदलण्याचा खर्च आणि पॅनेलची घटती वीजनिर्मिती या हिशेबात धरलेली नाही. म्हणून पुरवठादाराकडून वार्षिक युनिटची लेखी हमी आणि इन्व्हर्टरची किंमत मागवून, दोन्ही प्रस्तावांची एनपीव्ही सर्वसाधारण सभेपूर्वी सभासदांना द्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक सभासद, बी विंग