‘कॉपी करताना पकडले’ म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा सुरू झाल्या की ‘अमुक केंद्रावर इतके कॉपीबहाद्दर पकडले’ अशा बातम्या येऊ लागतात. बातमी तिथेच संपते. पण पकडलेल्या विद्यार्थ्याचे पुढे काय होणार, हे बरेचसे पर्यवेक्षकाने त्या दिवशी लिहिलेल्या पानभर अहवालावर ठरते. चौकशी समितीपुढे असे अहवाल मी बरेच वाचले आहेत, म्हणून हे पत्र.

सर्वाधिक आढळणारे वाक्य म्हणजे ‘सदर विद्यार्थी कॉपी करताना आढळला’. वाक्य ठाम आहे, पण त्यातून समितीला काहीच कळत नाही. कागद खिशात होता, बाकाखाली पडलेला होता की उत्तरपत्रिकेखाली होता? तो विद्यार्थ्याने स्वतः दिला की पर्यवेक्षकाने उचलला? त्यात पाहून लिहिताना कोणी पाहिले का? कागद जवळ असणे आणि त्यातून उतरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक नियमावल्यांत पहिली गोष्टही गुन्हा ठरते, पण शिक्षा किती द्यायची हे ठरवताना हा फरक विचारात घेतला जातो.

चांगला अहवाल कसा असतो, याचा एक नमुना देतो. तपशील अर्थातच काल्पनिक आहेत.

‘11.42 वाजता शेवटून दुसऱ्या बाकावरील विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेच्या मधल्या पानांत घडी घातलेला कागद दिसला. मागितल्यावर त्याने तो स्वतः दिला. कागद एक, तळहाताएवढा, दोन्ही बाजूंनी निळ्या शाईने हाताने लिहिलेला. पहिली ओळ “प्रकाशसंश्लेषणाचे टप्पे” अशी आहे. त्या वेळी तो प्रश्न 3 चे उत्तर लिहीत होता. कागदात पाहून लिहिताना मी त्याला पाहिले नाही. विचारल्यावर तो म्हणाला, “खिशात राहिला होता.”’

यातले शेवटून दुसरे वाक्य पाहा. ‘मी पाहिले नाही’ असे लिहिण्याची पर्यवेक्षकांना भीती वाटते. त्याने प्रकरण ढिले पडेल, असा समज आहे. प्रत्यक्षात त्याच वाक्यामुळे उरलेल्या अहवालावर विश्वास बसतो. विद्यार्थ्याचे उत्तरही जसेच्या तसे घेतले आहे. कागद उत्तरपत्रिकेत सापडला आणि तो म्हणतो खिशात होता, ही विसंगती वाचणाऱ्याला आपोआप दिसते. तिथे ‘उडवाउडवीची उत्तरे दिली’ असा शेरा मारायची गरज उरत नाही. कागदातला मजकूर प्रश्न 3 शी जुळतो का, हेही पर्यवेक्षकाने ठरवू नये. तो बहुधा त्या विषयाचा शिक्षकच नसतो. ते काम विषयतज्ज्ञाचे.

एक छोटी गोष्ट मात्र हमखास राहून जाते. कागद सापडला त्या क्षणी उत्तरपत्रिकेत जिथपर्यंत लिहून झाले असेल, तिथे आडवी रेघ मारून वेळ आणि सही टाकायची. बऱ्याच परीक्षांत जुनी उत्तरपत्रिका काढून घेऊन नवी देतात, तरीही रेघ हवीच. तिच्यामुळे कागद हाती असताना काय लिहिले गेले, याबद्दल नंतर वाद राहत नाही. अहवालात 11.42, रेघेजवळ 11.55 आणि नव्या उत्तरपत्रिकेवर 11.50, असे तीन आकडे समितीसमोर आले की निम्मी बैठक त्यांचा मेळ घालण्यातच जाते. तास संपल्यावर आठवून लिहिलेल्या अहवालात हे हटकून होते.

कागदांचेही तसेच. अहवालात ‘दोन चिठ्ठ्या’ आणि पाकिटात तीन निघाल्या, तर तिसरी कुठून आली याचा जाब विद्यार्थ्याला विचारता येत नाही. म्हणून प्रत्येक कागदावर विद्यार्थ्याची आणि पर्यवेक्षकाची सही घेऊन दोघांसमोर पाकीट बंद करावे. विद्यार्थ्याने सही नाकारली तर दटावू नये. ‘सही करण्यास नकार दिला’ असे लिहून केंद्रप्रमुखांची किंवा दुसऱ्या पर्यवेक्षकाची साक्ष घ्यावी. विद्यार्थ्याचा जबाब त्याच्याच अक्षरात असावा, सांगून लिहवून घेतलेला नसावा. एकाच केंद्रावरून आलेल्या पाच जबाबांत शब्दन् शब्द सारखी माफी असली, की ती कोणी सांगितली हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

आणि ‘हा विद्यार्थी आधीपासूनच असा आहे’ वगैरे अहवालात कशाला हवे? त्या तासाला वर्गात जे दिसले तेवढेच पर्यवेक्षकाचे.

अनेक छापील नमुन्यांत ‘गैरप्रकाराचे स्वरूप’ असा एकच रकाना असतो, तोही एका ओळीचा. त्याऐवजी ‘काय आणि कुठे सापडले’ व ‘विद्यार्थ्याला काय करताना पाहिले’ असे दोन रकाने परीक्षा घेणाऱ्यांनी द्यावेत, आणि दुसऱ्यात ‘काही नाही’ असे लिहिण्याची मुभा छापूनच द्यावी.

आपला,
चौकशी समितीवर काम केलेला एक शिक्षक