विषय : फुटलेल्या रक्ताच्या नमुन्यावर दिलेल्या हिमोलिसिसच्या रिपोर्टाबाबत तक्रार

दिनांक : १४ मे

प्रति,
मुख्य पॅथॉलॉजिस्ट व ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मध्यवर्ती प्रयोगशाळा, मुंबई

महोदय,

दि. २२ एप्रिलला आपल्या सांगली केंद्रामार्फत माझ्या पत्नीचे रक्त घरून नेण्यात आले. त्या रिपोर्टाबद्दल मी आपल्या ग्राहक सेवेला दोनदा फोन केला आणि एकदा मेल पाठवला. उत्तर एका ओळीचे आले : "एलडीएच आणि फ्री हिमोग्लोबिन दोन्ही वाढलेले असल्यामुळे हिमोलिसिसचा निष्कर्ष योग्य आहे." हे उत्तर मला मान्य नाही. मी सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत २६ वर्षे तंत्रज्ञ होतो, म्हणून तक्रार जरा सविस्तर लिहितो. आपल्याकडच्या कुणीतरी जाणत्या माणसाने ती वाचावी, एवढी अपेक्षा आहे.

पत्नीचे वय ६३. २०१६ साली तिच्या हृदयात धातूची झडप बसवली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवण्याची गोळी रोज चालू आहे. मार्चपासून तिला जिना चढताना धाप लागू लागली आणि हिमोग्लोबिन ९.१ वर आले. झडपेच्या कडेने गळती सुरू झाली असेल तर रक्ताच्या जोरदार धारेत तांबड्या पेशी फुटतात. हृदयरोगतज्ज्ञांना तीच शंका होती, म्हणून त्यांनी तुमचे पॅकेज सुचवले.

रिपोर्टात आलेले आकडे असे होते : एलडीएच ७३८ (तुमच्याच रिपोर्टात वरची मर्यादा २२०), प्लाझ्मातले फ्री हिमोग्लोबिन २३६ मिलिग्रॅम (असायला हवे ५ च्या आत), इनडायरेक्ट बिलिरुबिन ०.५, हॅप्टोग्लोबिन ६८ (मर्यादा ३० ते २००), पोटॅशियम ५.२. आणि खाली ठळक अक्षरांत "फाइंडिंग्ज सजेस्टिव्ह ऑफ हिमोलिसिस". नमुन्याच्या दर्जाबद्दल एक शब्दही नव्हता.

पेशी फुटल्या होत्या, हे मलाही मान्य आहे. त्या फुटल्या कुठे, एवढाच माझा प्रश्न आहे. बायकोच्या अंगात, की तुमच्या ट्यूबमध्ये?

रक्त घेताना मी बँकेत गेलो होतो. परत आल्यावर ती म्हणाली, "शीर सापडेना म्हणून त्या पोराने बारीक सुई घातली, सिरिंज जोरात ओढत बसला. मग तीच सुई बाटल्यांच्या टोपणात खुपसून दाबलं. फेस आला होता हो, सरबतासारखा." नंतर ट्यूब खोकल्याच्या औषधाच्या बाटलीसारख्या हलवून पोराने गाडीच्या डिकीत टाकल्या. सांगलीतली एप्रिलची दुपार तुम्हाला सांगायला नको. बारीक सुईतून रक्त जोराने ओढणे, ते सुईतूनच ट्यूबमध्ये दाबणे आणि फेस येईपर्यंत हलवणे, या तीन गोष्टी पेशी फोडायला पुरेशा आहेत. शिकाऊ पोरांना आम्ही पहिल्याच आठवड्यात हे सांगत असू.

आता आकड्यांकडे येतो. एलडीएच हे एन्झाइम तांबड्या पेशीच्या आत बाहेरच्या प्लाझ्मापेक्षा शंभरपटीहून अधिक असते. पेशीची पिशवी फाटली की ते सांडते, आणि त्याच्यासोबत हिमोग्लोबिन अन् पोटॅशियमही सांडते. त्यासाठी जिवंत शरीराची गरज नाही. पेशी शिरेत फुटली काय, सिरिंजमध्ये फुटली काय, सांडणारा माल तोच. तेव्हा एलडीएच आणि फ्री हिमोग्लोबिन वाढले एवढ्यावरून पेशी फुटल्या इतकेच कळते, जागा कळत नाही.

जागा सांगतात ते उरलेले दोन. इनडायरेक्ट बिलिरुबिन ट्यूबमध्ये तयार होऊच शकत नाही. हिमोग्लोबिनमधला हीम मोडून त्याचे बिलिरुबिन करण्याचे काम प्लीहेतल्या आणि यकृतातल्या भक्षक पेशी करतात, आणि त्याला काही तास लागतात. ट्यूबमध्ये नुसते हिमोग्लोबिन पडून राहते.

हॅप्टोग्लोबिनची गोष्ट अधिक बोलकी आहे. सुटे हिमोग्लोबिन दिसले की हे प्रथिन त्याला मिठी मारते. शरीरात ही जोडी फार वेळ टिकत नाही. भक्षक पेशी तिला ओळखून भराभर गिळतात आणि दोघेही रक्तातून नाहीसे होतात. यकृताला नवे हॅप्टोग्लोबिन बनवायला दिवस लागतात, म्हणून अंगात खरोखर पेशी फुटत असतील तर त्याचा आकडा खाली येतो, कित्येकदा मोजण्याच्याही खाली जातो. ट्यूबमध्येसुद्धा मिठी बसते, पण जोडी उचलून न्यायला तिथे कुणी नाही. तुमचे यंत्र अँटिबॉडी वापरून मोजते, त्यात सुटे आणि जोडीतले दोन्ही धरले जातात. लग्न लागले तरी वर-वधू मांडवातच, मोजणी कमी कशी होणार?

आता ६८ आणि २३६ हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. ६८ मिलिग्रॅम हॅप्टोग्लोबिन ढोबळमानाने आपल्या वजनाइतक्याच हिमोग्लोबिनला धरू शकते. प्लाझ्मात २३६ मिलिग्रॅम हिमोग्लोबिन अंगातच सुटले असते, तर हे हॅप्टोग्लोबिन केव्हाच संपून गेले असते आणि उरलेले हिमोग्लोबिन मूत्रपिंडातून गळून लघवी कोऱ्या चहासारखी झाली असती. त्याच दिवशी त्याच बॅगेतून गेलेल्या लघवीचा रिपोर्टही तुम्हीच दिलात : रंग फिकट पिवळा, रक्त निरंक. हे दोन्ही कागद एकाच यंत्रणेतून निघाले आणि कुणीही ते एकमेकांशेजारी ठेवले नाहीत, याचे मला वाईट वाटते.

एका ढोबळ हिशेबाने एलडीएचचेही उत्तर मिळते. तांबड्या पेशीत एका ग्रॅम हिमोग्लोबिनमागे साधारण २०० युनिट एलडीएच असते. २३६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे लिटरला २.३६ ग्रॅम, म्हणजे सांडलेले एलडीएच सुमारे ४७०. ७३८ मधून ते वजा केले की उरतात २६८. गेल्या वर्षीच्या तिच्या रिपोर्टात एलडीएच २६२ होते! धातूच्या झडपेवर थोड्या पेशी नेहमीच चिरडतात, त्यामुळे एवढी किंचित वाढ तिच्यात जुनीच आहे आणि डॉक्टरांनाही ती माहीत आहे. असे वजाबाकी केलेले आकडे रिपोर्टावर छापू नयेत, हे मला ठाऊक आहे. नमुना परत मागवायला हवा होता हे कळण्यापुरता हा हिशेब पुरे आहे. शंभरातल्या जेमतेम दोन पेशी फुटल्या की एवढा गोंधळ होतो.

तुमचे पॅथॉलॉजिस्ट म्हणतील की बिलिरुबिन आणि हॅप्टोग्लोबिनही फसवतात. खरे आहे. यकृत ठणठणीत असेल तर ते थोडे जास्तीचे बिलिरुबिन निमूट बाहेर टाकते, आणि आकडा नॉर्मल राहतो. अंगात सूज किंवा जंतुसंसर्ग असेल तर हॅप्टोग्लोबिन वाढते आणि खरी घट झाकली जाते. म्हणूनच तर चारही तपासण्या एकत्र करतात. पण तिचे सीआरपी २ होते, म्हणजे झाकायला सूज नव्हती. आणि अंगात फुटून फ्री हिमोग्लोबिन २३६ वर गेल्यावर बिलिरुबिन आणि हॅप्टोग्लोबिन दोघेही जागचे हलणार नाहीत, असे मी २६ वर्षांत एकदाही पाहिले नाही. रेटिक्युलोसाइटला मी साक्षीला बोलावत नाही, त्याचे कारण पुढे येईल.

रिपोर्टातल्या त्या ठळक ओळीमुळे पुढे काय झाले तेही नोंदवतो. झडपेची गळती गृहीत धरून तिला एक रात्र दाखल केले आणि अन्ननलिकेतून नळी घालून इको केली. झडप व्यवस्थित निघाली. खर्च १८,४०० रुपये. तरी डॉक्टर कोड्यातच, कारण रिपोर्ट हिमोलिसिस म्हणत होता. शेवटी मी हट्ट धरून ६ मे रोजी दुसरीकडे फेरतपासणी केली. २१ नंबरची सुई, थेट व्हॅक्यूम ट्यूब, ट्यूब हळूच उलटसुलट, माझ्यादेखत अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूज. वर आलेला प्लाझ्मा गवती चहाच्या रंगाचा होता. फ्री हिमोग्लोबिन ५ च्या आत, एलडीएच २६२, पोटॅशियम ४.४, हॅप्टोग्लोबिन ६६, बिलिरुबिन तेवढेच. सांडणारे तिन्ही खाली आले, उरलेले दोन होते तिथेच राहिले.

मग हिमोग्लोबिन का घटले? फेरिटिन ६. लोह संपले होते. झडपेवर वर्षानुवर्षे पेशी फुटत राहिल्या तर लघवीवाटे लोह जाते, म्हणून लघवीत हिमोसिडेरिनही पाहिले, ते नव्हते. शौचात मात्र रक्ताचा अंश सापडला. रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असलेल्या बाईच्या पोटातून थेंबथेंब रक्त जात होते आणि आम्ही दोन आठवडे झडपेमागे धावत होतो. तांबड्या पेशींचा सरासरी आकार ६९, हे तुमच्याच २२ एप्रिलच्या रिपोर्टात होते. लोह नसताना मज्जा नव्या पेशी बनवू शकत नाही, रक्त कोणत्याही वाटेने जात असले तरी. म्हणून रेटिक्युलोसाइट १.२ टक्के या आकड्यावर मी कुठल्याच बाजूने भर दिला नाही.

लाल झालेला सिरम डोळ्यांनीही दिसतो, २३६ ला तर तो चेरीसारखा असतो. शिवाय तुमचे यंत्र प्रत्येक नमुन्याचा हिमोलिसिस इंडेक्स आपोआप मोजते. म्हणजे यंत्राला माहीत होते आणि रुग्णाला सांगितले गेले नाही. तुमच्या रिपोर्टावर आयएसओ १५१८९ चा शिक्का आहे. नमुन्यात दोष असूनही तो तपासला, तर तसे रिपोर्टावर लिहायचे, हे त्याच मानकात आहे.

म्हणून माझी मागणी अशी. २२ एप्रिलच्या नमुन्याचा इंडेक्स मला लेखी कळवावा आणि तो रिपोर्ट मागे घेऊन सुधारित रिपोर्ट डॉक्टरांनाही पाठवावा, नाहीतर पुढच्या वेळी कुणीतरी फाईल उघडून पुन्हा तोच ७३८ वाचेल. पॅकेजचे पैसे परत करावेत आणि दाखल होण्याच्या खर्चाबाबत आपले म्हणणे कळवावे. फ्री हिमोग्लोबिनचा नमुना घरून सिरिंजने घेणे बंद करावे. ज्या पोराने रक्त घेतले त्याला कामावरून काढू नये, त्याला कुणीतरी शीर शोधायला नीट शिकवावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे जाईन.

सोबत : दोन्ही रिपोर्टांच्या प्रती, लघवीचा रिपोर्ट, रुग्णालयाचे बिल.

आपला,
रुग्णाचा पती, सांगली