फोड तळहातावर, पण लक्ष तोंडाकडे हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : लहान मुलांमधला हात-पाय-तोंडाचा आजार आणि प्लेग्रुपची सूचना

आमच्या परभणीत या पावसाळ्यात हात-पाय-तोंडाचा आजार बऱ्याच घरांत फिरला. एका प्लेग्रुपने पालकांच्या मोबाईलवर सूचना पाठवली, ‘अंगावरचे सगळे डाग गेल्याशिवाय आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र आणल्याशिवाय पाल्यास पाठवू नये.’ मी बालरुग्ण विभागातून निवृत्त झालेली परिचारिका आहे. ही सूचना वाचून शेजारपाजारच्या आया माझ्याकडे येऊ लागल्या आणि प्रत्येकीचा प्रश्न एकच, डाग कधी जातील? लेकरू पाणी किती पितंय, हे मात्र मी विचारल्याशिवाय कोणी सांगेना. म्हणून हे पत्र.

हा आजार विषाणूंमुळे होतो. कॉक्सॅकी ए-१६, ए-६ आणि एन्टेरोव्हायरस ७१ ही त्यांतली मुख्य नावं. २०२२ साली केरळातल्या कोल्लमकडून ‘टोमॅटो फ्लू’ म्हणून जी बातमी सगळीकडे गाजली, तोही बहुतांशी हाच आजार होता. लागण झाल्यावर साधारण तीन ते सहा दिवसांनी ताप येतो, मग तोंडात फोड आणि तळहात, तळपाय, ढुंगण, गुडघे यांवर पुरळ. कांजिण्या पोट-पाठीवर जास्त उठतात आणि खाजतात, एवढा फरक घरच्या माणसांनाही कळतो. अँटिबायोटिकचा इथे उपयोग नाही. आठ-दहा दिवसांत आजार आपोआप बरा होतो. आणखी एक, कारण हे मला दोनदा ऐकावं लागलं. गोठ्यातल्या लाळ्या-खुरकुताशी याचा काही संबंध नाही. तो विषाणू वेगळा, हा वेगळा. तेव्हा गाईच्या भीतीने लेकराचं दूध तोडू नये.

हातापायांवरचे फोड दिसायला भयंकर, पण लेकराला त्यांचा फारसा त्रास नसतो. त्रास तोंडातल्या फोडांचा. जिभेवर, गालाच्या आत, टाळूच्या मागच्या बाजूला ते फुटतात आणि त्यांचे लालभडक कडांचे छाले होतात. आमच्या गल्लीतल्या एका दोन वर्षांच्या पोराचं सांगते. वजन अकरा किलो. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, घरात सगळ्यांना बरं वाटलं आणि तिसऱ्या दिवशी त्याची आई धावत आली, “मावशी, हे पाण्याला बी तोंड लावंना गेलंय. लाळ नुसती गळायलीय.” हाच या आजारातला खरा अवघड टप्पा. ताप गेलेला असतो, त्यामुळे औषध बंद झालेलं असतं, आणि छाले नेमके त्याच वेळी सगळ्यात जास्त ठणकत असतात. लाळ गळते ती गिळायला दुखतं म्हणून. तशातच दूध बाटलीने चाललेलं. चोखताना बाटलीचं निपल टाळूवर घासतं, लेकरू एक घोट घेतं, किंचाळतं आणि पुढच्या वेळी बाटली दिसली तरी मान फिरवतं.

पहिलं काम वेदना कमी करण्याचं. ताप नसला तरी पॅरासिटामॉल द्यायचं, कारण इथे ते दुखण्यासाठी आहे. मात्रा वजनावर ठरते, किलोला १५ मिलिग्रॅम. अकरा किलोला एका वेळी १६५ मिलिग्रॅम झाले. घोटाळा होतो तो इथून पुढे. दुकानात एक सिरप ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅमचं मिळतं, दुसरं २५० चं, आणि अगदी तान्ह्यांचे थेंब तर याहून कितीतरी कडक. पहिल्याचे साडेसहा मिली लागतात, दुसऱ्याचे सव्वातीन. थोरल्या भावाची उरलेली बाटली काढून ‘एक चमचा’ दिला, तर तो कमी पडतो नाहीतर जास्त होतो. बाटलीवरचा आकडा वाचा आणि सोबतच्या मापानेच द्या. दोन मात्रांमध्ये सहा तास जाऊ द्या, म्हणजे दिवसात चारच्या वर जात नाही. ॲस्पिरिन लहान मुलाला अजिबात नको. औषध दिल्यावर अर्ध्या तासाने पाजायला बसायचं, कारण तेवढ्यात दुखणं जरा बोथट होतं.

दुसरं काम बाटली बाजूला ठेवण्याचं. त्या पोराला आम्ही वाटी-चमच्याने आणि औषधाच्या पिचकारीने पाजलं. पिचकारीचं तोंड जिभेवर धरायचं नाही, गालाच्या कडेला जिथे छाला नाही तिथे धरायचं. एका वेळी ५ मिली, मग दोन-तीन मिनिटं थांबायचं. ऐकायला कमी वाटतं, पण तासभर नेटाने केलं तर शंभर मिलीच्या पुढे जातं. या वजनाच्या मुलाला दूध, पाणी, पेज सगळं धरून एरवी दिवसाला साधारण लिटरभर पातळ लागतं. आजारात तेवढं जाणार नाही. निम्म्याच्या वर गेलं आणि लघवी होत राहिली, तर घरी सांभाळता येतं. घन अन्न दोन-चार दिवस नाही गेलं तरी घाबरू नये, वजन नंतर भरून निघतं. पाण्याला मात्र तेवढी सवड नसते.

थंड पदार्थ दिले की घसा धरेल, ही आज्यांची भीती मला माहीत आहे. या विषाणूला थंडीने जोर येत नाही आणि छाल्यांना गारव्याने खरंच आराम पडतो. गार दूध, शहाळ्याचं पाणी, गोड दह्यात मऊ कुस्करलेला भात, दुधात कालवलेलं केळं, गार केलेली रव्याची किंवा नाचणीची पातळ खीर असं चालतं. आपली ज्वारीची आंबीलही चालते, पण आंबट ताकातली नको, दुधातली करा. भाकरी द्यायचीच तर दुधात अर्धा तास भिजू द्या, नाहीतर तिची कड तोंडात टोचते. मोसंबी, टोमॅटोचं सार, फोडणीचं वरण, मीठ-तिखट काही दिवस बंद. लघवी कमी वाटली की जलसंजीवनी म्हणजे ओआरएस द्या. मोठ्या पाकिटाला एक लिटर पाणी, पाकीट अर्धं करायचं नाही, आणि चोवीस तासांत उरलेलं फेकून द्यायचं. चव खारट लागते म्हणून मुलं तोंड फिरवतात. ते माठात किंवा फ्रिजमध्ये गार करून चमच्याने दिलं तर घेतात.

तोंडाला काय लावू, हे सगळ्याच विचारतात. काही लावू नका. मेडिकलमध्ये मोठ्यांच्या तोंड येण्यावरची जेलं मिळतात, त्यांत बधिर करणारं औषध किंवा सॅलिसिलेट असतं. दोन वर्षांचं मूल ते थुंकत नाही, गिळतं. बधिर करणारं औषध जास्त पोटात गेलं तर झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. टाकणखाराची लाही मधात कालवून लावायची पद्धत आपल्याकडे आजही आहे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, लहान लेकराच्या पोटात तो विषासारखा आहे. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला नुसता मधही द्यायचा नसतो.

दवाखान्यात कधी पळायचं, हे त्या आईला मी कागदावर लिहून दिलं होतं. सहा-आठ तासांत लंगोट ओला झाला नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे आत गेलेत, मूल लोळागोळा पडून आहे, तर सलाईनची गरज असू शकते, सकाळची वाट पाहू नये. तीन दिवसांच्या पुढे ताप, सारख्या उलट्या, झोपेत पुन्हा पुन्हा दचकून अंगाला झटका बसणं, चालताना झोकांडी जाणं, न उठवता येणारी गुंगी किंवा जोरात श्वास, यांतलं काहीही दिसलं तर विषाणू मेंदूपर्यंत पोचल्याची शंका घ्यावी लागते. असं क्वचित होतं, पण होतं. आमच्या गल्लीतल्या पोराला यातलं काही झालं नाही. पाचव्या दिवशी त्याने स्वतः वाटी ओढून दहीभात खाल्ला.

आणि मग ती सूचना आडवी आली. ताप जाऊन चार दिवस झालेले, खातंय, पितंय, लाळ थांबलेली, फोड सुकलेले. पण तळपायावर तपकिरी डाग होते, म्हणून प्रवेश नाही. आई रोजंदारीवर जाते, तिचा आठवडा बुडाला.

प्लेग्रुपच्या ताईंना माझं सांगणं असं. मूल सगळ्यात जास्त पसरवतं ते पहिल्या आठवड्यात, आणि त्यातले सुरुवातीचे दिवस तर पुरळ दिसायच्याही आधीचे असतात. नंतर विषाणू शौचातून कित्येक आठवडे पडत राहतो, डाग जाऊनही. काही मुलांना लागण होते आणि अंगावर काहीच दिसत नाही. मग ‘आता हे मूल पसरवणार नाही’ असं प्रमाणपत्र कोणता डॉक्टर देणार? बहुतेक वेळा तपासणीच होत नाही आणि तिची गरजही नसते. परत घेण्याचा नियम आई स्वतः पाहू शकेल असा असावा. ताप औषधाशिवाय पूर्ण एक दिवस नाही, मूल नेहमीसारखं खातं-पितं, लाळ गळत नाही आणि पाझरणारा फोड नाही. एवढं असेल तर येऊ द्या. सुकलेल्या डागांकडे बघू नका.

खरी मेहनत घ्यायची ती लंगोट बदलल्यावरच्या हातांवर. या विषाणूला चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे सॅनिटायझर त्याच्यावर नीट चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. आपल्याकडे नळ चार-सहा दिवसांनी येतो, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच जेवणाआधी एका टबात पाणी भरून सगळ्यांचे हात त्यातच बुडवायची रीत पडली आहे. तसं करणं हात न धुण्याहून वाईट, पहिल्याच्या हाताचं शेवटच्याच्या तोंडात जातं. तोटी असलेली पिंपडी ओट्यावर ठेवा, नाहीतर ताईंनी वरून धार धरावी. एका लेकराला अर्धा तांब्या पुरतो. तोंडात जाणारी खेळणी आधी साबणाने धुवा, मग एक लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं ब्लीच २० मिली घालून त्यात दहा मिनिटं ठेवा आणि स्वच्छ पाण्यातून काढा. ते ब्लीच संडास साफ करायच्या ॲसिडजवळही नेऊ नका, विषारी वायू होतो.

हेच मूल दुसऱ्यांदा आजारी पडलं तर आईवर संशय घेऊ नये. विषाणू अनेक आहेत, एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला पुरत नाही. आणि महिना-दीड महिन्याने एखाद्या लेकराची नखं मुळापासून सुटून निघताना दिसतील, विशेषतः ए-६ नंतर. दुखत नाही, औषध लागत नाही, खालून नवं नख येतं. त्या मुलाला त्यासाठी पुन्हा घरी पाठवू नका.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
परभणी