ओट्याच्या दगडाचा रंग चुकीच्या पद्धतीने निवडून दिल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(मॉड्युलर किचन)

विषय : क्वार्ट्झचा ओटा, डॅडो टाइल्स आणि शटर यांचा रंग न जुळणे; ओटा बदलून मिळण्याबाबत.

महोदय,

आमच्या पुण्यातील फ्लॅटमध्ये आपण बसवलेल्या किचनबद्दलच्या तोंडी तक्रारीला आपल्या प्रतिनिधीने "दगडाच्या रंगात थोडाफार फरक असतोच" असे उत्तर दिले. ते या प्रकरणाला लागू होत नाही, म्हणून हे लेखी पत्र. लॉटप्रमाणे रंग बदलणे हा मुख्यतः ग्रॅनाइटचा, म्हणजे खाणीतून निघणाऱ्या दगडाचा स्वभाव. आम्हाला दिलेला क्वार्ट्झ कारखान्यात तयार झालेला आहे आणि त्याचा स्लॅब सॅम्पलच्याच रंगाचा आला आहे. तक्रार आहे ती सॅम्पल दाखवून निवड करवून घेण्याच्या आपल्या पद्धतीबद्दल.

आधी वस्तुस्थिती. ओटा एल आकाराचा आहे, एक बाजू १० फूट आणि दुसरी ८ फूट. खालच्या ट्रॉल्यांची शटर फिकट राखाडी-हिरवी, वरची आयव्हरी. डॅडोच्या टाइल्सही आयव्हरी, १ फूट बाय २ फूट, चकचकीत. त्यावर आपल्या डिझायनरने करड्या रेषांचा पांढरा क्वार्ट्झ सुचवला. आता दिवसा ओटा निळसर पांढरा दिसतो आणि त्याला टेकलेली टाइल तेलकट, जुनाट पिवळी. कोणी पाहिले तर टाइल्स नीट पुसल्या नाहीत असेच म्हणेल. रात्री तुमचे स्ट्रिप लाइट लावले की टाइल आणखी पिवळी होते आणि ओटा मळकट करडा पडतो.

याचे कारण पांढऱ्यातली झाक. आयव्हरीत पिवळी झाक असते, या क्वार्ट्झमध्ये निळी आहे. दोन्ही वेगवेगळे पाहिले तर पांढरेच वाटतात, शेजारी आले की एकमेकांचा रंग उघडा पाडतात. शटर आणि दगड यांच्यामध्ये मोल्डिंगची सावली पडते, म्हणून तिथे थोडा फरक खपून जातो. टाइल मात्र ओट्यावर थेट बसते. मध्ये काहीच नसते. त्यामुळे दगडाची झाक आधी टाइलशी जुळवायची आणि मग शटरशी किती उठाव हवा ते ठरवायचे, हा क्रम. आपल्याकडे शटर आधी ठरले, दगड त्याच्यावर ठेवून पाहिला, आणि टाइल फक्त मोबाइलवरच्या फोटोत दाखवली गेली. फोटोत पांढऱ्याची झाक कॅमेराच ठरवतो. आमच्याकडे टाइल्सचा बॉक्स आलेला होता. एक टाइल घेऊन या, एवढे सांगितले असते तरी पुरे होते.

दुसरी चूक उजेडाची. शोरूममधले दिवे ६५०० केल्विनचे, म्हणजे थंड पांढरे. त्यात आयव्हरीचा पिवळेपणा दबतो. आमच्याकडे वरच्या कॅबिनेटखाली जे स्ट्रिप लाइट आपणच पुरवले, ते ३००० केल्विनचे, पिवळसर. दगड ज्या उजेडाखाली रोज दिसणार तो उजेड तुमच्याच कोटेशनमध्ये लिहिलेला असताना निवड मात्र दुसऱ्याच उजेडात झाली.

तिसरी बाब सॅम्पलची. ४ इंची चौकोनी तुकड्यात एकही रेष नव्हती, तो जवळजवळ साधा पांढरा होता. आलेल्या स्लॅबवर दोन-अडीच फुटांच्या अंतराने जाड करड्या रेषा आहेत, आणि त्यातली एक शेगडीजवळून निघून कोपऱ्याच्या सांध्यावर मध्येच तुटते. रेषांचा दगड असेल तर अख्खा स्लॅब उभा दाखवून, कोणता भाग कुठे येणार हे त्यावर खडूने आखून द्यायला हवे. शिवाय दुकानात दगड आणि टाइल दोन्ही टेबलावर आडवे ठेवतात. प्रत्यक्षात दगड आडवा आणि टाइल उभी असते, म्हणजे दोघांवर उजेड वेगळ्या कोनातून पडतो.

एक सोपी चाचणी आपल्या डिझायनरला माहीत असावी, अशी अपेक्षा होती. प्रिंटरचा कोरा कागद, जो साधारणपणे किंचित निळसर असतो, टाइल आणि दगड यांच्या शेजारी धरायचा. आम्ही तो आता धरून पाहिला: दगड कागदात मिसळून गेला, टाइल पिवळी उठून दिसली. एका मिनिटाचे काम!

आपण तोडगा म्हणून ग्राउटचा रंग बदलण्याचे सुचवले आहे. सध्याच्या शुभ्र ग्राउटमुळे टाइल अधिक पिवळी दिसते हे खरे, पण ओटा आणि टाइल जिथे भिडतात ती रेघ ग्राउटने बदलणार नाही. टाइल्स बदलल्या तर वरची आयव्हरी शटर वेगळी पडतील. तिघांपैकी दोन रंग उबदार आहेत, त्यामुळे बदलायचा तो दगडच.

नवा दगड पांढरा नको. आयव्हरीच्या शेजारी तिसरा आयव्हरी अगदी तंतोतंत जुळला तरच शोभतो, किंचित हुकला तर आतापेक्षा वाईट दिसेल. फिकट क्वार्ट्झवर हळदीचे डाग राहतात हेही आहेच. आम्ही 'स्टील ग्रे' ग्रॅनाइट मागतो. तो करडा असल्याने पांढऱ्यांच्या भांडणात पडत नाही, हिरवट शटरशी जमतो आणि बारीक दाण्यामुळे टँकरच्या जड पाण्याचे सुकलेले थेंब त्यावर उठून दिसत नाहीत. पॉलिश केलेल्या काळ्या कुळकुळीत दगडावर तेच थेंब पांढऱ्या कड्यांसारखे दिसतात, शिवाय स्ट्रिप लाइटचे प्रतिबिंब पडते, म्हणून काळा नको. ग्रॅनाइटच्या बाबतीत मात्र लॉटचा फरक खरा असतो. त्यामुळे स्लॅब गोदामात आम्हाला दाखवावा, पाण्याने ओला करून ठिगळे आहेत का ते पाहू द्यावे, आणि पांढऱ्या फडक्यावर अ‍ॅसिटोन घेऊन पुसू द्यावे. फडके काळे झाले तर दगड रंगवलेला आहे, तो आम्ही घेणार नाही.

ओटा काढताना टाइल्सच्या खालच्या ओळीच्या कडा फुटतील, कारण त्या दगडावर टेकल्या आहेत. त्यासाठी सगळी ओळ तोडू नये. टाइल्स खालून ४ इंचांवर सरळ रेषेत कापून तेवढी पट्टी काढावी आणि तिथे त्याच ग्रॅनाइटची ४ इंची उभी पट्टी बसवावी. त्यामुळे त्याच शेडच्या नव्या टाइल्स शोधाव्या लागणार नाहीत आणि आयव्हरीला खाली गडद चौकट मिळेल. मोजमाप असे: ओटा १० × २ आणि ६ × २, मिळून ३२ चौरस फूट, उभी पट्टी १८ फूट लांब, म्हणजे ६ चौरस फूट. एकूण ३८. साधारण १० फूट बाय ५ फुटांच्या एकाच स्लॅबमधून हे निघते, म्हणून दोन स्लॅब जोडून रंग बिघडवण्याचे कारण नाही. सिंक आणि शेगडीचे कटआउट जुन्या मापानेच घ्यावेत. स्ट्रिप लाइट ४००० केल्विनचे करून द्यावेत.

दगड, मजुरी आणि सिंक पुन्हा बसवण्याचा खर्च आपण करावा. स्लॅब अंतिम करण्यापूर्वी त्याचा किमान १ फूट बाय १ फुटाचा तुकडा आमच्याच ओट्यावर, टाइलला टेकवून, सकाळी, दुपारी चारच्या सुमारास खिडकीतून ऊन येते तेव्हा आणि रात्री दिवे लावून दाखवावा. १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू. कोटेशन, बिल आणि तिन्ही वेळांचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपले ग्राहक,
(सही)